आलेखावरून निश्चित समाकलाचे भूमितीय मूल्यमापन

रेषाखंड व अर्धवर्तुळे यांनी बनलेल्या आलेखावरून निश्चित समाकलाचे मूल्य काढणे ही कलनशास्त्रातील एक प्राथमिक पद्धत होय. या पद्धतीत फलनाचे सूत्र किंवा प्रतिअवकलज यांची गरज पडत नाही. आलेख आणि x-अक्ष यांच्यामधील प्रदेश त्रिकोण, आयत, समलंब चौकोन आणि वर्तुळाचे भाग अशा परिचित आकृत्यांत विभागला जातो. प्रत्येक आकृतीच्या क्षेत्रफळाला योग्य ते धन किंवा ऋण चिन्ह देऊन त्यांची बेरीज केली जाते. क्षेत्रफळांची सूत्रे शालेय भूमितीतीलच असतात, त्यामुळे चुका सहसा त्या सूत्रांत होत नाहीत. त्या चिन्हांत होतात, किंवा आकृती नेमकी कोणत्या रेषेपासून मोजायची हे ठरवताना होतात.

## संकल्पना

a पासून b पर्यंतचा (a < b) निश्चित समाकल ∫ₐᵇ f(x) dx म्हणजे आलेख आणि x-अक्ष यांच्यामधील चिन्हांकित क्षेत्रफळ होय. आलेख अक्षाच्या वर असेल तेथील क्षेत्रफळ धन आणि खाली असेल तेथील क्षेत्रफळ ऋण धरले जाते. हा केवळ संकेत नाही. समाकलाची व्याख्या f(x) · Δx अशा गुणाकारांच्या बेरजेवरून केली जाते. त्यातील Δx हा धन असतो आणि f(x) ऋण असेल तर गुणाकारही ऋणच येतो. समाकलासाठी वापरले जाणारे ∫ हे चिन्ह लायब्निट्सने १६७५ साली प्रथम योजले. ते 'बेरीज' या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षराचे लांबवलेले रूप आहे.

आलेखाखालील क्षेत्रफळाला अर्थ देण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने काळ आडव्या रेषेवर आणि वेग उभ्या रेषांनी दाखवला. एकसमान वाढत्या वेगाने कापलेले अंतर त्याने अशा आकृतीच्या क्षेत्रफळावरून सिद्ध केले. वेग एका रेषाखंडाने दर्शविला असता तयार होणारा समलंब चौकोन आणि सरासरी वेगाच्या उंचीचा आयत यांचे क्षेत्रफळ सारखेच असते. रेषाखंडांच्या आलेखाचे समाकलन आजही याच तत्त्वाने केले जाते.

## रेषाखंड आणि अर्धवर्तुळ

रेषाखंडाखालील प्रदेश नेहमी समलंब चौकोन, आयत किंवा त्रिकोण असतो. रेषाखंडाच्या टोकांची उंची p आणि q असेल व त्याची आडवी रुंदी w असेल, तर त्यावरील समाकल w(p + q)/2 इतका असतो. p आणि q यांची चिन्हे भिन्न असली, म्हणजेच रेषाखंड अक्षाला छेदून पलीकडे गेला, तरीही हे सूत्र जसेच्या तसे लागू पडते. अशा वेळी अक्षाच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण आपोआप वजा-बेरीज होतात व छेदनबिंदू शोधावा लागत नाही. मात्र केवळ क्षेत्रफळ, म्हणजे |f(x)| चा समाकल विचारला असेल, तर छेदनबिंदू शोधणे अपरिहार्य ठरते.

अर्धवर्तुळाचा व्यास x-अक्षावर असेल तर त्याचे योगदान त्रिज्या r नुसार πr²/2 किंवा −πr²/2 असते. x-अक्षावर केंद्र असलेल्या वरच्या अर्धवर्तुळाचे समीकरण y = √(r² − (x − c)²) असे असते. बैजिक रीतीने त्याचे समाकलन करण्यासाठी त्रिकोणमितीय आदेशन करावे लागते. भूमितीने तेच उत्तर एका ओळीत मिळते, कारण मूळचे कष्ट आर्किमिडीजने आधीच घेतलेले आहेत. वर्तुळाचे क्षेत्रफळ हे त्रिज्या व परीघ या काटकोनाच्या बाजू असलेल्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतके असते, ही त्याची सिद्धता आहे. परीघ 2πr असल्यामुळे तिच्यावरून πr² हे सूत्र लगेच मिळते.

अर्धवर्तुळाचा व्यास x-अक्षावर नसून त्याला समांतर अशा y = k या रेषेवर असेल तर विचार बदलतो. समाकल नेहमी x-अक्षापासून मोजला जातो, व्यासापासून नव्हे. म्हणून प्रथम 2r रुंदीचा आणि k उंचीचा आयत घेऊन त्याचे चिन्हांकित क्षेत्रफळ 2rk काढावे. अर्धवर्तुळ व्यासाच्या वर फुगलेले असल्यास त्यात πr²/2 मिळवावे आणि खाली लोंबत असल्यास तितकेच वजा करावे.

## सोडवलेले उदाहरण

−6 ते 8 या अंतरालावर व्याख्यित असलेले f हे संतत फलन घ्या. त्याचा आलेख डावीकडून उजवीकडे पुढीलप्रमाणे आहे. प्रथम (−6, 2) पासून (−3, −1) पर्यंत एक रेषाखंड आणि तेथून (−2, 0) पर्यंत दुसरा रेषाखंड. त्यानंतर आरंभबिंदू केंद्र असलेले 2 त्रिज्येचे वरचे अर्धवर्तुळ, जे (2, 0) येथे संपते. तेथून (3, 2) पर्यंत रेषाखंड. मग (3, 2) आणि (5, 2) ही टोके असलेले, खाली लोंबणारे अर्धवर्तुळ. शेवटी (5, 2) पासून (8, −4) पर्यंत रेषाखंड. या फलनाचा −6 पासून 8 पर्यंतचा समाकल काढावयाचा आहे.

पहिल्या रेषाखंडाचा चढ −1 असल्याने तो अक्षाला x = −4 येथे छेदतो. −6 ते −4 या भागात पाया 2 आणि उंची 2 असलेला काटकोन त्रिकोण मिळतो. तो अक्षाच्या वर असल्याने त्याचे योगदान +2 आहे. −4 ते −2 या भागात पहिल्या रेषाखंडाचे शेपूट आणि दुसरा रेषाखंड मिळून अक्षाखाली एकच त्रिकोण तयार होतो. त्याचा पाया 2, उंची 1 आणि योगदान −1. येथे दोन रेषाखंडांचा वेगवेगळा हिशेब करण्यापेक्षा त्रिकोण अखंड पाहणे सोयीचे असते.

−2 ते 2 या भागातील अर्धवर्तुळाचे योगदान π · 2²/2 = 2π आहे. 2 ते 3 या भागातील त्रिकोणाचा पाया 1 व उंची 2 असल्याने योगदान +1.

3 ते 5 हा भाग या उदाहरणात सर्वांत जपून हाताळण्याचा आहे. अर्धवर्तुळाचे केंद्र (4, 2), त्रिज्या 1 आणि सर्वांत खालचा बिंदू (4, 1) आहे. आलेख खाली वळलेला दिसत असला तरी तो पूर्णपणे x-अक्षाच्या वरच आहे, म्हणून योगदान धनच असले पाहिजे. 2 × 2 हा आयत घेऊन त्यातून अर्धवर्तुळ वजा केल्यास 4 − π/2 मिळते.

शेवटच्या रेषाखंडाचा चढ −2 आहे आणि तो अक्षाला x = 6 येथे छेदतो. 5 ते 6 मधील त्रिकोणाचे योगदान ½ · 1 · 2 = 1 आणि 6 ते 8 मधील त्रिकोणाचे −½ · 2 · 4 = −4. वर दिलेल्या सूत्राने हेच एका पायरीत 3 · (2 − 4)/2 = −3 असे मिळते.

सर्व योगदानांची बेरीज अशी होते:

∫₋₆⁸ f(x) dx = 2 − 1 + 2π + 1 + (4 − π/2) + 1 − 4 = 3 + 3π/2 ≈ 7.71

याच आलेखासाठी अक्ष आणि आलेख यांच्यामधील एकूण क्षेत्रफळ विचारले तर ऋण योगदानांची चिन्हे बदलावी लागतात आणि उत्तर 13 + 3π/2 येते. दोन उत्तरांमधील फरक 10 आहे. अक्षाखालील क्षेत्रफळ 1 + 4 = 5 असून फरक त्याच्या नेमका दुप्पट येतो. असा ताळा प्रत्येक वेळी पाहता येतो, कारण चिन्ह बदलताना खालचे प्रत्येक क्षेत्रफळ एकदा वजा होण्याऐवजी एकदा मिळवले जाते.

## सीमा अर्धवर्तुळाच्या मध्ये आल्यास

समाकलाची सीमा अर्धवर्तुळाच्या टोकाशी किंवा केंद्राशी असेल तर अर्धे किंवा पाव वर्तुळ घेऊन भागते. ती मध्येच आली तर प्रदेशाची वर्तुळपाकळी आणि त्रिकोण अशी विभागणी करावी लागते.

वरील उदाहरणात 0 पासून 1 पर्यंतचा समाकल घेऊ. अर्धवर्तुळावर x = 1 असलेला बिंदू P(1, √3) आहे. केंद्र O पासून P पर्यंत त्रिज्या काढली की प्रदेशाचे दोन भाग होतात. उजवीकडे O, P आणि (1, 0) हे शिरोबिंदू असलेला काटकोन त्रिकोण उरतो. त्याचे क्षेत्रफळ ½ · 1 · √3 = √3/2. डावीकडे y-अक्ष आणि OP यांच्यामधील वर्तुळपाकळी उरते. y-अक्ष आणि OP यांच्यातील कोनाच्या साइनचे मूल्य ½ असल्याने तो कोन 30°, म्हणजे π/6 आहे. म्हणून पाकळीचे क्षेत्रफळ ½ · 2² · π/6 = π/3. एकूण समाकल π/3 + √3/2 ≈ 1.913 येतो. या भागात आलेखाची उंची √3 आणि 2 यांच्या दरम्यान असून रुंदी 1 आहे. त्यामुळे उत्तर 1.73 आणि 2 यांच्यामध्ये असणे आवश्यकच होते.

कलनाच्या पुस्तकांत √(r² − x²) साठी दिलेल्या प्रतिअवकलजात दोन पदे असतात. त्यांपैकी ½x√(r² − x²) हे पद म्हणजे वरील त्रिकोण आणि ½r² sin⁻¹(x/r) हे पद म्हणजे वरील वर्तुळपाकळी होय. सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन पदांची बेरीज कोठून आली हे बहुधा सांगितले जात नाही.

या विभागणीचा एक प्रसिद्ध उपयोग आयझॅक न्यूटनने १६६० च्या दशकाच्या मध्यास केला. त्याने (½, 0) हे केंद्र आणि ½ ही त्रिज्या असलेले अर्धवर्तुळ घेतले आणि 0 ते ¼ या भागातील त्याच्याखालील क्षेत्रफळ दोन रीतींनी काढले. भूमितीने ते 60° च्या वर्तुळपाकळीतून एक काटकोन त्रिकोण वजा करून π/24 − √3/32 इतके मिळते. येथे सीमा केंद्राच्या अलीकडे असल्याने त्रिकोण मिळवायचा नसून वजा करायचा असतो. दुसऱ्या रीतीत न्यूटनने अर्धवर्तुळाचे समीकरण द्विपद श्रेणीने उलगडून पदापदाचे समाकलन केले. त्या श्रेणीत π कोठेच येत नाही, केवळ अपूर्णांक येतात. दोन्ही उत्तरे सारखी असली पाहिजेत यावरून त्याला π चे मूल्य अनेक दशांश स्थळांपर्यंत काढता आले. एरवी π गृहीत धरून समाकल शोधला जातो. न्यूटनने समाकल श्रेणीने काढून त्यावरून π शोधला.

## उलट सीमा आणि संचयी फलन

समाकलाच्या खालच्या व वरच्या सीमांची अदलाबदल केल्यास मूल्याचे चिन्ह बदलते. त्यामुळे चिन्हाचे दोन स्वतंत्र स्रोत असतात. आलेख अक्षाच्या कोणत्या बाजूस आहे हा पहिला आणि मोजणी कोणत्या दिशेने चालली आहे हा दुसरा. F(x) = ∫₀ˣ f(t) dt अशा संचयी फलनाची मूल्ये x ऋण असताना काढताना हे दोन्ही एकत्र येतात.

वरील आलेखात F(−4) काढण्यासाठी प्रथम −4 पासून 0 पर्यंतचा, म्हणजे डावीकडून उजवीकडे, समाकल घ्यावा. तो −1 + π आहे. मग संपूर्ण उत्तराचे चिन्ह बदलून F(−4) = 1 − π मिळते. कंस न घालता चिन्ह बदलल्यास −1 − π हे चुकीचे उत्तर येते. योगायोगाने −1 − π हे F(−6) चे बरोबर मूल्य असल्याने ही चूक लवकर लक्षातही येत नाही. प्रत्येक आकृतीला एकाच वेळी दोन चिन्हे लावण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा आधी नेहमीच्या दिशेने पूर्ण समाकल काढून शेवटी एकदाच चिन्ह बदलणे सुरक्षित असते.

कलनाच्या मूलभूत सिद्धांतानुसार F चा अवकलज f हाच असतो. म्हणून दिलेला आलेख हा F च्या चढाचा आलेख म्हणून वाचता येतो. f अक्षाच्या वर असताना F वाढते, खाली असताना घटते, आणि f जेथे चिन्ह बदलते तेथे F ची स्थानिक कमाल किंवा किमान मूल्ये असतात. वरील उदाहरणात f चे चिन्ह −4, −2 आणि 6 येथे बदलते. x = 2 येथे f शून्य आहे, परंतु दोन्ही बाजूंना धन असल्याने तेथे F ला कमाल वा किमान मूल्य नाही. F(−6) = −1 − π, F(−4) = 1 − π, F(−2) = −π, F(6) = 6 + π/2 आणि F(8) = 2 + π/2 ही मूल्ये ताडून पाहता F चे महत्तम मूल्य x = 6 येथे आणि लघुतम मूल्य x = −6 या टोकाशी आहे. टोके तपासली नाहीत तर लघुतम मूल्य −2 येथे आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

अमेरिकेतील एपी कॅल्क्युलस परीक्षेत या धाटणीचे प्रश्न वारंवार विचारले जातात. २०१२ सालच्या एबी प्रश्नपत्रिकेतील तिसऱ्या प्रश्नात तीन रेषाखंड आणि आरंभबिंदू केंद्र असलेले, अक्षाखालील अर्धवर्तुळ अशा आलेखावरून g(x) = ∫₁ˣ f(t) dt या फलनाची मूल्ये मागितली होती. त्यातील g(−2) = π/2 − 3/2 या उत्तरात अक्षाखालील अर्धवर्तुळ धन आणि अक्षावरील त्रिकोण ऋण झालेला दिसतो. सीमा उलट असल्याचा हा परिणाम आहे.

## चुका ओळखण्याची साधने

सर्वांत उपयुक्त ताळा उंचीच्या मर्यादेचा आहे. एखाद्या भागात आलेखाची कमीत कमी उंची m आणि जास्तीत जास्त उंची M असेल, तर त्या भागावरील समाकल m आणि M यांना रुंदीने गुणून येणाऱ्या दोन संख्यांच्या दरम्यान असतोच. वरील उदाहरणात 3 ते 5 या भागासाठी मर्यादा 2 आणि 4 आहेत. 4 − π/2 ≈ 2.43 हे त्यात बसते. अर्धवर्तुळ खाली वळलेले पाहून −π/2 लिहिले, किंवा आयतात ते मिळवून 4 + π/2 लिहिले, तर दोन्ही उत्तरे या मर्यादेबाहेर पडतात.

व्यासाला त्रिज्या समजण्याची चूक अशीच पकडता येते. 2 त्रिज्येच्या अर्धवर्तुळासाठी 2π ऐवजी 8π लिहिले, तर ते सभोवतीच्या 4 × 2 आयताच्या क्षेत्रफळापेक्षाही मोठे ठरते. अर्धवर्तुळ त्याला सामावणाऱ्या आयताचा π/4 इतका, म्हणजे तीन-चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग व्यापते. एवढे लक्षात ठेवले तर अंदाज पुरेसा होतो.

## अक्षांचे प्रमाण आणि एकके

वक्र अर्धवर्तुळ आहे की नाही हे कागदावरील आकारावरून नव्हे, तर निर्देशकांवरून ठरते. दोन अक्षांवरील प्रमाण भिन्न असेल तर खरे अर्धवर्तुळ कागदावर दबलेले किंवा ताणलेले दिसते. उलटपक्षी, कागदावर कंपासने काढलेला वक्र निर्देशकांच्या दृष्टीने अर्धलंबवर्तुळ असू शकतो. म्हणून वक्राची आडवी अर्धी रुंदी a आणि व्यासापासूनची उंची b या दोन्ही अक्षांवरून वाचाव्यात. त्या समान असतील तरच πr²/2 वापरावे. त्या असमान असून वक्र अर्धलंबवर्तुळ असल्यास क्षेत्रफळ πab/2 असते, कारण एका दिशेने प्रमाण बदलल्यास क्षेत्रफळ त्याच पटीत बदलते.

वेग-काळ आलेखात हा भेद टाळताच येत नाही. तेथे आडव्या अक्षावर सेकंद आणि उभ्या अक्षावर मीटर प्रति सेकंद असतात. सेकंद आणि मीटर प्रति सेकंद यांची लांबी एकच आहे असे म्हणण्याला भौतिक अर्थ नसल्याने अशा आलेखातील 'अर्धवर्तुळ' हे निवडलेल्या एककांपुरतेच अर्धवर्तुळ असते. समाकल मात्र πab/2 या रूपात नेहमी अर्थपूर्ण राहतो आणि त्याचे एकक सेकंद × मीटर प्रति सेकंद, म्हणजे मीटर, असे येते. उदाहरणार्थ, 4 सेकंदांच्या काळात वेग शून्यापासून 2 मीटर प्रति सेकंद पर्यंत अर्धवर्तुळाकार वाढून पुन्हा शून्यावर आला, तर वस्तूने 2π मीटर अंतर कापलेले असते. काळ मिनिटांत मोजला तर तोच आलेख अर्धवर्तुळ राहत नाही, पण अंतर तेवढेच राहते.

पद्धतीसाठी फलन सर्वत्र अवकलनीय असण्याची गरज नाही. रेषाखंडांच्या जोडांवर आलेखाला कोपरे असतात आणि अर्धवर्तुळाच्या टोकांशी त्याची स्पर्शिका उभी असते. तेथे f चा अवकलज अस्तित्वात नसतो, परंतु समाकलावर त्याचा परिणाम होत नाही. आलेखात मोजक्या ठिकाणी खंड असला, म्हणजे एक तुकडा संपून दुसरा वेगळ्या उंचीवर सुरू झाला, तरी प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे काढून बेरीज करता येते. जोडावरील एकट्या बिंदूला रुंदी नसल्याने तेथे फलनाचे मूल्य कोणते धरले याने उत्तर बदलत नाही.